सहा डिस्कचा एनएएस: रेड ६ की रेड १०? (८ टीबी × ६, सीए ऑफिस, पुणे)

हिशेबनीस_सदाशिव | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी सदाशिव पेठेतल्या एका सीए ऑफिसात काम करतो. पगार अकाउंटंटचा, पण प्रिंटर अडकला तरी हाक मलाच. आता साहेबांनी नवा एनएएस उभा करायचं काम माझ्यावर टाकलंय. पेटी आम्हीच जोडली आहे: सहा साटा पोर्ट, ८ टीबीच्या ७२०० आरपीएमच्या सहा डिस्क, डेबियन, mdadm. तीन डिस्क तपकीर गल्लीतून आणल्या, तीन ऑनलाइन मागवल्या.

त्यावर दोन गोष्टी राहणार. एक, अशिलांची स्कॅन केलेली कागदपत्रं, साधारण ११ टीबी. ती एकदा लिहिली की सहसा कुणी बदलत नाही. दोन, दोन व्हर्च्युअल मशीन: एकात टॅली, दुसऱ्यात आमच्या कागदपत्रांच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस. चौदा माणसं दिवसभर यावर बसतात. सध्या ही मशीन एका जुन्या डेस्कटॉपमधल्या एसएसडीवर चालतात, पण साहेबांना सगळं एकाच पेटीत हवंय.

रेड ६ केलं तर ३२ टीबी मिळतात, रेड १० केलं तर २४. दोन्ही पुरतात, त्यामुळे जागेचा मुद्दा बाजूला ठेवा. मला दोनच गोष्टी कळत नाहीयेत. डिस्क गेली तर रिबिल्डला कुठे किती वेळ लागेल, आणि डेटाबेसचे बारीक बारीक राइट कुणाला झेपतील?

अण्णा_पर्वती | सोमवार, रात्री १०:१५

डोळे मिटून रेड १०. रेड ६ चं रिबिल्ड आठवडाभर चालतं, कारण सगळ्या डिस्क वाचून गणित करत बसावं लागतं. मिररमध्ये नुसती कॉपी असते, दोन तासांत मोकळे. आणि दोन डिस्क गेल्या तरी दोन्ही चालतात, त्यामुळे सुरक्षेतही फरक नाही. पंचवीस वर्षं हेच करतोय.

गुरुवारचं_पाणी | सोमवार, रात्री १०:२२

एवढा खटाटोप कशाला? सगळं क्लाउडवर टाका आणि सुखानं झोपा.

हिशेबनीस_सदाशिव | सोमवार, रात्री १०:३०

अशिलांचे कागद ऑफिसबाहेर जाऊ द्यायला साहेब तयार नाहीत हो. तो विषय घरातच मिटलाय.

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री ११:४०

अण्णा, आदर ठेवून सांगते, पण यातलं अर्धंच बरोबर आहे.

आधी वेळेचं बघू. रिबिल्ड म्हणजे शेवटी एक रिकामी डिस्क सुरुवातीपासून शेवटापर्यंत भरणं. ८ टीबीची डिस्क बाहेरच्या कडेला साधारण अडीचशे एमबी प्रति सेकंद वेगाने लिहिते, आतल्या कडेला त्याच्या निम्म्यावर येते. सरासरी १८० धरा. आठ लाख कोटी बाइट भागिले अठरा कोटी, म्हणजे ४४ हजार सेकंद, म्हणजे सव्वाबारा तास. रेड १० चं रिबिल्ड दोन तासांत होणं शक्यच नाही, कारण नवी डिस्क त्याहून वेगाने लिहूच शकत नाही. आणि रेड ६ ला आठवडा लागायचं कारण नाही. बाकीच्या डिस्क समांतर वाचल्या जातात आणि पॅरिटीचं गणित आजच्या प्रोसेसरला किरकोळ आहे. पेटी निवांत असेल तर दोन्हींचा वेळ जवळजवळ सारखाच.

फरक पडतो तो पेटी निवांत नसताना. रेड १० मध्ये रिबिल्डसाठी गेलेल्या डिस्कची जोडीदारच तेवढी वाचली जाते, बाकीच्या चार डिस्क आपल्या कामाला मोकळ्या. रेड ६ मध्ये उरलेल्या पाचही डिस्क त्या कामाला जुंपलेल्या असतात. शिवाय गेलेल्या डिस्कवरचं कुणी काही मागितलं की ते चार ठिकाणांहून वाचून तयार करावं लागतं.

आता "दोन गेल्या तरी चालतं" याविषयी. सहा डिस्कमधून दोन निवडायचे १५ प्रकार आहेत. रेड ६ पंधराही सोसतं. रेड १० मध्ये एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर खेळ खलास, आणि असे प्रकार तीन. एक डिस्क गेल्यावर उरलेल्या पाचांतली एक ठरावीक डिस्क जायला नको, असा त्याचा अर्थ. पण रिबिल्ड चालू असताना सगळ्यात जास्त राबते ती नेमकी तीच.

हिशेबनीस, एक काम करा. त्या जुन्या डेस्कटॉपवर `iostat -x 5` लावून ठेवा आणि २० तारखेच्या आसपास w/s आणि wareq-sz काय येतं ते कळवा. किती राइट होतात हे माहीत नसताना बाकी चर्चा हवेतली.

लग्नफोटोवाला | मंगळवार, सकाळी ८:०५

माझी पण व्यथा ऐका. हडपसरला स्टुडिओ आहे, चार डिस्कचं रेड ५. गेल्या सीझनला एक डिस्क गेली, नवीन लावली. पहिले दोन तास झकास वेग, मग ५-६ एमबीवर घसरला तो घसरलाच. नऊ दिवस चाललं होतं! तेव्हा रेड ६ असतं तर वाचलो असतो का?

टेकडीवरून | मंगळवार, सकाळी ९:३०

फोटोवाले, तुमच्या डिस्कचा मॉडेल नंबर बघा, एसएमआर असणार. त्या डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एका जागी लिहायचं तर पुढची कौलं उचलून परत बसवावी लागतात. सुरुवातीला डिस्क आपल्या राखीव कॅशे पट्ट्यात भराभर लिहून घेते, तो पट्टा भरला की खरा वेग उघडा पडतो. तुमचे ते "दोन तास झकास" म्हणजे हेच. रेड ५, ६, १० काहीही असतं तरी रखडलंच असतं. २०२० मध्ये तर एनएएससाठी म्हणून विकलेल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कसुद्धा एसएमआर निघाल्या होत्या, खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं.

हिशेबनीस, तुमच्या सहाही डिस्क सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकावर एक न चढवलेल्या, आहेत याची आधी खात्री करा. नसतील तर हा धागा इथेच बंद करा.

आणि मूळ प्रश्नावर माझं मत: स्कॅनसाठी रेड ६, व्हर्च्युअल मशीनसाठी वेगळ्या दोन एसएसडी मिररमध्ये. फिरत्या डिस्कवर डेटाबेस चालवायचे दिवस गेले.

हिशेबनीस_सदाशिव | मंगळवार, दुपारी १:१०

सहाही सीएमआर आहेत, कंपनीच्या माहितीपत्रकात मॉडेल नंबर ताडून पाहिला. पण एसएसडी लावायच्या कुठे? सहा पोर्ट, सहा डिस्क. मदरबोर्डवर एम.२ ची एकच जागा आहे.

अण्णा_पर्वती | मंगळवार, दुपारी ४:३०

बाई म्हणतात ते मान्य, दोन तास जरा जास्तच आशावादी झालं. 😀 पण मग मी उलटं विचारतो. डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, १०^१४ बिटांमागे एक वाचता न येणारा सेक्टर. ८ टीबी म्हणजे ६.४ × १०^१३ बिट. म्हणजे मिररचं रिबिल्ड करताना जोडीदारावर खराब सेक्टर लागायची शक्यता ६४ टक्के! तिथे तर दुसरी प्रतच नाही. मग रेड १० करायचंच कशाला? मी माझं मत फिरवतोय, रेड ६.

मंद्रसप्तक | मंगळवार, रात्री ११:१५

अण्णा, मुद्दा लाखाचा, आकडा खोटा. तो १०^१४ चा आकडा म्हणजे कंपनीने दिलेली वरची मर्यादा, "याहून वाईट नाही" एवढंच तो सांगतो. तो सरासरीचा दर असता तर काय झालं असतं बघा. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं रेड वाचून तपासतं. सहा डिस्क मिळून ४८ टीबी, म्हणजे जवळपास ३.८ × १०^१४ बिट. दर महिन्याला प्रत्येकाला तीन-चार खराब सेक्टर सापडायला हवे होते. माझ्या देखरेखीखाली अशा पेट्या आहेत, वर्षानुवर्षं एकही सापडत नाही. मग एक दिवस एखाद्या डिस्कवर एकदम वीस निघतात. चुका पावसाच्या थेंबांसारख्या सगळीकडे सारख्या पडत नाहीत, आजारी डिस्कवर घोळक्याने येतात.

म्हणून टक्केवारी मांडण्यापेक्षा `smartctl -A` मधला Current_Pending_Sector दर आठवड्याला बघा. शून्याच्या वर गेला की ती डिस्क मरायची वाट न बघता बदला. आणि ती महिन्याची तपासणी बंद करू नका. ऑफिस मंद होतं म्हणून लोक ती बंद करतात, आणि मग जोडीदारावरचा खराब सेक्टर नेमका रिबिल्डच्या दिवशी पहिल्यांदा दिसतो.

अण्णांचा मूळ मुद्दा मात्र राहतोच. रेड ६ मधली एक डिस्क गेली तरी एक पॅरिटी हाताशी असते, वाटेत खराब सेक्टर लागला तर तो भरून निघतो. रेड १० मध्ये तेवढा तुकडा गेला, तो बॅकअपमधूनच आणायचा. बॅकअप आहे ना?

हिशेबनीस_सदाशिव | बुधवार, सकाळी १०:४०

आहे. रोज रात्री दुसऱ्या खोलीतल्या एका जुन्या मशीनवर, आणि शनिवारी साहेब एक डिस्क घरी नेतात.

हिशेबनीस_सदाशिव | (त्यानंतर नऊ दिवसांनी) शुक्रवार, रात्री ८:२०

उशीर झाला, पण जीएसटीआर-३बी ची २० तारीख मध्ये होती, माना वर काढायला फुरसत नव्हती. iostat चे आकडे: एरवी दिवसभर w/s वीस ते तीस. १८ ते २० तारखेला दुपारी तीननंतर मात्र सतत १४० च्या आसपास. wareq-sz सरासरी ९ केबी. रात्री आठनंतर जवळपास शून्य.

मंद्रसप्तक | शुक्रवार, रात्री १०:००

याच आकड्यांची वाट बघत होते. आता पाटीवर मांडू.

७२०० आरपीएमच्या डिस्कला एका जागेवरून दुसरीकडे जायला साधारण ८ मिलिसेकंद लागतात, वर हवा तो सेक्टर डोक्याखाली यायला सरासरी ४. मिळून १२, म्हणजे सेकंदाला ८० फेऱ्या. सहा डिस्कच्या मिळून ४८०.

रेड १० मध्ये एका राइटला दोन फेऱ्या लागतात, दोन्ही जोडीदारांवर एक एक. ४८० भागिले २, म्हणजे २४०.

रेड ६ मध्ये ९ केबी बदलायचे तर जुना डेटा आणि दोन्ही जुन्या पॅरिटी वाचा, मग तिन्ही नव्याने लिहा. सहा फेऱ्या. म्हणजे ८०. दुसराही रस्ता आहे: त्या पट्टीतले बाकीचे तीन डेटा तुकडे वाचायचे आणि पॅरिटी मुळापासून काढायची. पण सहा डिस्कच्या रचनेत तिकडूनही तीन वाचन आणि तीन लेखन, बेरीज सहाच.

तुमची गरज १४०. प्रत्यक्षात डिस्क आपल्या रांगेतल्या मागण्या सोयीने मागेपुढे करते, त्यामुळे दोन्ही आकडे थोडे वर सरकतात. पण २० तारखेच्या दुपारी रेड ६ पुढे रांग लागणार असं मला दिसतंय. स्कॅनच्या मोठ्या फाइलना हा त्रास नाही, तिथे अख्खी पट्टी एकदम लिहिली जाते आणि जुनं काही वाचावं लागत नाही.

तरी माझ्या गणितावर विसंबू नका. पेटी अजून रिकामी आहे, अशी संधी पुन्हा मिळत नाही. दोन्ही करून बघा.

```
fio --name=chachni --filename=/dev/md0 --size=20G --rw=randwrite --bs=8k \
    --iodepth=16 --ioengine=libaio --direct=1 --runtime=600 --time_based
```

हे थेट /dev/md0 वर लिहितं, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. आणि रेड बनवल्यावर पहिलं सिंक पूर्ण होऊ द्या, `/proc/mdstat` मध्ये दिसतं. तेही बारा-तेरा तास घेतं, आणि त्यादरम्यान मोजलेला आकडा कचऱ्यात टाकायच्या लायकीचा.

टेकडीवरून | शुक्रवार, रात्री १०:४०

कुणी झेडएफएसचं नाव काढायच्या आत एक सांगून ठेवतो, कारण पुढे हा धागा वाचणारे तिकडे वळतील. सहा डिस्कच्या raidz2 मध्ये व्हर्च्युअल मशीनला ८ केबीच्या ठोकळ्यांचा झेडवॉल दिला, तर ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर एका ठोकळ्याचं काय होतं बघा. दोन सेक्टर डेटा, दोन पॅरिटी, आणि एकूण संख्या तीनच्या पटीत हवी म्हणून दोन रिकामे. ८ केबीसाठी २४ केबी गेले. मिररला १६ लागतात. जागा वाचवायला raidz2 घेतलं आणि मिररपेक्षा जास्त उडवली, हे मी स्वतःच्या हातांनी केलंय. १६ केबीचा ठोकळा घेतला की हिशोब सरळ होतो, आणि ओपनझेडएफएस २.२ पासून तोच आपोआप येतो.

हिशेबनीस_सदाशिव | सोमवार, रात्री ९:१५

दोन्ही चाचण्या झाल्या! रेड ६: १२७. रेड १०: ४१८. ताई, तुमच्या गणितापेक्षा बरंच चांगलं आलं की. म्हणजे रेड ६ पण १४० च्या जवळ जातंय!

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री ९:५०

चूक माझी, size=20G मीच लिहिलं होतं. ८ टीबीच्या डिस्कवर २० जीबी म्हणजे वाचणारं डोकं एकाच गल्लीत फिरत राहतं. सदाशिव पेठेतून नारायण पेठेत जायला कितीसा वेळ लागणार? तुमचा डेटा मात्र पार लोणी काळभोरपर्यंत पसरलेला असेल. size काढून टाका, म्हणजे तो पूर्ण md0 वर फिरेल, आणि पुन्हा मोजा.

रेड १० वर आहातच तर रिबिल्डही मोजून घ्या. एक डिस्क `--fail` करून काढा आणि परत जोडा.

हिशेबनीस_सदाशिव | मंगळवार, रात्री ८:४०

पूर्ण डिस्कवर रेड १० चे २६२ आले.

रिबिल्ड तर चाळीस सेकंदांत झालं! अण्णांच्या दोन तासांपेक्षाही कमी. काहीतरी चुकतंय ना?

अण्णा_पर्वती | मंगळवार, रात्री ८:५५

बघा! मी काय म्हणत होतो!

मंद्रसप्तक | मंगळवार, रात्री ९:३०

अण्णा 😀

त्याला रिबिल्ड म्हणत नाहीत. या रेडवर राइट-इंटेंट बिटमॅप आहे. तीच डिस्क परत आली हे mdadm ने तिच्या शिक्क्यावरून ओळखलं आणि मधल्या काळात बदललेले तुकडेच भरले. केबल हलली म्हणून डिस्क बाहेर पडली तर ही सोय फार मोलाची. पण खरी नवी डिस्क आली तर सगळं भरावं लागणार. तेव्हा शिक्का पुसून जोडा:

```
mdadm /dev/md0 --fail /dev/sdf --remove /dev/sdf
mdadm --zero-superblock /dev/sdf
mdadm /dev/md0 --add /dev/sdf
```

एकदा काहीही न चालवता, आणि एकदा fio चालू ठेवून.

हिशेबनीस_सदाशिव | पुढचा सोमवार, रात्री १०:०५

आठवडा गेला, पण वहीत सगळं उतरवलंय. रेड ६ सुद्धा पूर्ण डिस्कवर परत मोजलं, ८४ आले. म्हणजे ताईंचं पाटीवरचं गणित जवळजवळ तंतोतंत.

निवांत पेटीवर रिबिल्ड: रेड १० ला १२ तास २० मिनिटं, रेड ६ ला १२ तास ५० मिनिटं.

मग fio चालू ठेवून केलं आणि घाबरलोच. दोन्हीकडे वेग सेकंदाला १,१०० केबीच्या आसपास, आणि mdstat मध्ये finish च्या पुढे १ लाख १८ हजार मिनिटं! म्हणजे ८२ दिवस ना?

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री १०:४५

हो, ८२ दिवस. पण घाबरू नका. लिनक्सचं एमडी रिबिल्डला नेहमी मागच्या रांगेत बसवतं. दुसरं कुणी डिस्क वापरत असेल तर ते speed_limit_min पर्यंत खाली येतं, आणि तो मुळात सेकंदाला १,००० केबी ठेवलेला असतो. तुमचं fio एक क्षणही थांबत नाही म्हणून तसं दिसलं. खरं ऑफिस रात्री आठला थांबतं. म्हणजे सकाळी अकराला डिस्क गेली तर दिवसभर काम गोगलगायीसारखं सरकेल, रात्री आठला वेग पकडेल आणि सकाळी साडेआठ-नऊपर्यंत संपेल. दोन्ही रचनांत. हीच गोष्ट चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात किंवा हॉस्पिटलात असती तर मी वेगळं बोलले असते.

दिवसाही पुढे सरकायला हवं असेल तर:

```
echo 50000 > /proc/sys/dev/raid/speed_limit_min
```

या वेगाने ८ टीबीला ४३ तास लागतात. हे लावून दोन्हीकडे fio चा आकडा किती पडतो ते बघा, खरा फरक तिथे दिसेल.

हिशेबनीस_सदाशिव | गुरुवार, रात्री ७:३०

आकडे आले, आणि एक घोळ पण झाला.

५०,००० लावल्यावर fio रेड १० वर २६२ वरून १४८ वर आलं. रेड ६ वर ८४ वरून २९ वर. २९ राइटमध्ये आमची २० तारखेची दुपार निघणार नाही, टॅली उघडून माणसं चहाला जातील.

आता घोळ. आज गुरुवार. दुरुस्तीसाठी वीज जाणार हे माहीत होतं, पण यूपीएसची बॅटरी इतकी लवकर मान टाकेल असं वाटलं नव्हतं. रेड ६ चं रिबिल्ड आणि fio चालू असताना पेटी धाडकन बंद. परत चालू केली तर रेड उभंच राहिना. dmesg मध्ये हे:

```
cannot start dirty degraded array
```

रिकामं होतं म्हणून हसतोय. त्यावर अशिलांचे कागद असते तर?

टेकडीवरून | गुरुवार, रात्री ८:१०

हे बरं झालं, आत्ताच कळलं. एक डिस्क आधीच नाही, आणि वीज गेली त्या क्षणी काही पट्ट्यांवर डेटा नवा आणि पॅरिटी जुनी, किंवा उलट. तशात गेलेल्या डिस्कचा तुकडा पॅरिटीवरून काढला तर चूक निघू शकतो. म्हणून एमडी हात वर करून तुम्हाला विचारतं. `mdadm --assemble --force` ने उभं राहतं आणि बहुतेक सगळं नीट असतं. पण कोणत्या फाइलमधले चार केबी बिघडले हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. मग fsck करायचं आणि शंका असलेलं बॅकअपशी ताडायचं.

रेड १० मध्ये पॅरिटीच नाही, त्यामुळे हा विशिष्ट प्रकार तिथे होत नाही. अर्धवट लिहिलेलं तिथेही राहतं, पण ते फाइल सिस्टीमच्या जर्नलला सावरता येतं. न स्पर्शलेल्या शेजारच्या तुकड्याचा बळी जात नाही.

यूपीएसवर नजर ठेवणारं एनयूटी हे सॉफ्टवेअर पेटीवर लावा. बॅटरी संपत आली की पेटी स्वतःहून नीट बंद व्हायला हवी. नीट बंद झाली तर रिबिल्ड सोडलं होतं तिथून पुढे चालू होतं.

गुरुवारचं_पाणी | गुरुवार, रात्री ८:१५

गुरुवारी पाणीही नाही, वीजही नाही, आणि आता रेडही नाही.

हिशेबनीस_सदाशिव | शुक्रवार, रात्री ९:००

ठरवलं, रेड १०. साहेबांना वही दाखवली, त्यांनी ८४ आणि २६२ एवढेच दोन आकडे पाहिले. यूपीएसची बॅटरी बदलायला टाकली. शिवाय एक सातवी डिस्क आणून कपाटात ठेवतोय.

टेकडीवरून | शुक्रवार, रात्री ९:४०

माझा विरोध नोंदवून ठेवा. ११ टीबी स्कॅनना रँडम राइटचा काही उपयोग नाही, त्यांना दोन पॅरिटींचा आधार जास्त मोलाचा होता. दोन मशीनचा सगळा डेटा मिळून ३०० जीबीच्या वर नसेल. त्या एम.२ मध्ये एक एसएसडी टाकून दर तासाला त्याची प्रत रेड ६ वर काढली असती तरी भागलं असतं.

मंद्रसप्तक | शुक्रवार, रात्री १०:१०

आणि ती एकटी एसएसडी २० तारखेला दुपारी पावणेपाचला गेली, तर चौदा माणसांचा पाऊण तासाचा हिशोब गेला. तो सौदा साहेबांनी करायचा, आपण नाही. तुमचा मुद्दा चूक नाही. पोर्ट आठ असते तर मीही तेच सांगितलं असतं.

हिशेबनीस, बनवताना जोड्यांकडे लक्ष द्या. n2 रचनेत ज्या क्रमाने डिस्क लिहिता त्यातल्या शेजारच्या दोन एकमेकींच्या जोडीदार होतात. तपकीर गल्लीतल्या तीन एकाच खोक्यातल्या असतील तर त्या एका जोडीत नकोत, एकत्र जन्मलेल्या डिस्क कधी कधी एकत्रच आजारी पडतात. a, b, c गल्लीतल्या आणि d, e, f ऑनलाइनच्या असतील तर:

```
mdadm --create /dev/md0 --level=10 --layout=n2 --raid-devices=6 \
  /dev/sda /dev/sdd /dev/sdb /dev/sde /dev/sdc /dev/sdf
```

मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ही अक्षरं बदलू शकतात, म्हणून प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर कागदावर लिहून ट्रेवर चिकटवा. रेड १० मध्ये मेलेल्या डिस्कऐवजी घाईत तिच्या जोडीदारणीला बाहेर ओढणं हा मी पाहिलेला सगळ्यात महागडा अपघात आहे. रेड ६ तेवढी चूक पोटात घालतं.

हिशेबनीस_सदाशिव | (पुढच्या महिन्यात) २० तारीख, संध्याकाळी ६:४५

दुपारी साडेचारला w/s १५१, w_await १४. कुणी फोन केला नाही, कुणी चहाला उठलं नाही. साहेबांना तर मशीन नव्या पेटीवर हलवलीत हेच आठवत नव्हतं.

लग्नफोटोवाला | २० तारीख, रात्री ११:३०

अभिनंदन! पण माझ्या त्या चार एसएमआर डिस्कचं काय करू, ते कुणी सांगितलंच नाही.

टेकडीवरून | २१ तारीख, सकाळी ७:१५

रेडमधून काढा. एकेकीवर एकेका सीझनचे फोटो सलग भरा, वर साल लिहा, कपाटात ठेवा. त्या कामाला त्या उत्तम आहेत. पण ती एकमेव प्रत नको.

लग्नफोटोवाला | २१ तारीख, सकाळी ७:४०

दुसरी प्रत कशावर ठेवू?